तीन तास, पन्नास पानं आणि सवय मोडलेला हात

राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०१२पासून जवळपास पूर्णपणे वस्तुनिष्ठ झाली होती. चार पर्यायांतला एक गोल काळा केला की काम भागायचं. लोकसेवा आयोगाने परीक्षा पुन्हा वर्णनात्मक करायचं ठरवलं, तेव्हा २०२३च्या सुरुवातीला पुण्यात उमेदवार रस्त्यावर उतरले आणि नवी पद्धत २०२५च्या परीक्षेपर्यंत पुढे गेली. मागणी तयारीला वेळ मिळावा म्हणून होती. त्या तयारीत पुस्तकांइतकीच एक गोष्ट येते, आणि अभ्यासिकेत तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. ती म्हणजे हात. टिपणं मोबाइलवर, चाचण्या ऑनलाइन, निरोप व्हॉट्सॲपवर. अशा वर्षांनंतर हाताला सलग तीन तास लिहायला लावायचं असतं.

किती लिहायचं असतं, ते यूपीएससीच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरवरून नेमकं कळतं. प्रश्न वीस. दहा गुणांचे दहा, प्रत्येकी दीडशे शब्दांचे. पंधरा गुणांचे दहा, प्रत्येकी अडीचशे शब्दांचे. पहिल्या प्रकाराला उत्तरपुस्तिकेत दोन पानं, दुसऱ्याला तीन. म्हणजे पन्नास पानं, आणि शब्दमर्यादा गाठायची तर चार हजार शब्द. बरेचजण प्रत्यक्षात १२० आणि २०० शब्दांच्या आसपास थांबतात. तरी बेरीज ३,२०० होतेच. वाचायला आणि अडीअडचणीला दहा मिनिटं बाजूला काढली, तर लहान उत्तराला साडेसहा आणि मोठ्याला साडेदहा मिनिटं मिळतात.

आता एक उमेदवार डोळ्यांसमोर आणू. त्याने वर्तमानपत्रातला अग्रलेख दहा मिनिटं उतरवून काढला आणि शब्द मोजले, तर मिनिटाला २४ आले. या वेगाने १२० शब्दांना पाच मिनिटं लागतात आणि विचाराला दीड मिनिट उरतं. दोनशे शब्दांना सव्वाआठ मिनिटं लागतात आणि विचाराला दोन-सव्वादोन मिनिटं. गणित बरोबर बसतं. पण हेच नुसतं उतरवणं त्याने तासभर चालू ठेवलं आणि शेवटच्या दहा मिनिटांतले शब्द मोजले, तेव्हा वेग १७वर आला होता. दोनशे शब्दांना आता जवळपास बारा मिनिटं आणि विचार धरून चौदा. प्रत्येक मोठ्या उत्तरामागे साडेतीन मिनिटं गेली. अशी दहा उत्तरं लिहायची, म्हणजे पस्तीस मिनिटं हातची गेली. पंधरा गुणांचे तीन प्रश्न कोरे राहतात ते असे.

त्यामुळे २४चे २८ करण्याच्या मागे लागण्यात फारसा अर्थ नाही. अक्षर बिघडतं, आणि ताण वाढल्याने हात उलट लवकर थकतो. तिसऱ्या तासाला २४चे २२ राहिले, म्हणजे काम फत्ते.

अर्थात सगळा दोष हाताचा आहे की नाही, हेही याच मोजणीतून कळतं. याच उमेदवाराला स्वतःच्या मनाने दीडशे शब्दांचं उत्तर लिहायला अकरा मिनिटं लागत असतील, तर त्यांतली सव्वासहाच मिनिटं हात चालत होता. बाकी वेळ पेन कागदावर थबकलं होतं. तिथे मनगटाचे व्यायाम करून उपयोग नाही. लिहायला सुरुवात करण्याआधी चार मुद्दे समासात टिपण्याची सवय लावावी लागते. उतरवण्याचा वेग आणि उत्तराचा वेग हे दोन आकडे वेगवेगळे काढल्याशिवाय सरावाला लागू नये.

हात थकतो तो बहुतेकदा पकडीमुळे. सवय मोडलेला माणूस पेन गच्च धरतो आणि दाबून लिहितो. अंगठा आणि तर्जनीचे लहान स्नायू सतत आवळलेले राहिले की त्यांना पुरेसं रक्त मिळत नाही, आणि अर्ध्या तासात बोटं आखडतात. याची परीक्षा सोपी आहे. लिहिलेलं पान उलटं करावं आणि मागच्या बाजूवरून बोट फिरवावं. अक्षरांचे उंचवटे हाताला लागले, तर दाब जास्त आहे. बॉलपेनला मुळात थोडा दाब लागतोच. जेलपेन हलक्या हाताने चालतं, पण शाई वाळायला वेळ घेतं आणि घामाच्या हाताने फिसकटते. जाडसर पकडीचं पेन बऱ्याच जणांना सोयीचं जातं. पेन कोणतंही असो, परीक्षेच्या सूचनांत बसणारं एकच निवडून सगळा सराव त्यानेच करावा.

दुसरी गोष्ट बैठकीची. कोपरापुढचा हात बाकावर टेकलेला हवा. म्हणजे ओळ पुढे सरकते तसा हात सरकतो आणि सगळा भार बोटांवर येत नाही. पलंगावर मांडी घालून केलेला सराव बाकावर उपयोगी पडत नाही.

मराठीतून लिहिणाऱ्यांचा आणखी एक प्रश्न असतो, तो शिरोरेघेचा. शाळेतल्या वळणाप्रमाणे प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ दिली, तर ‘परीक्षा’ या शब्दाला तीन रेघा आणि तीनदा हात उचलणं आलं. शब्द पूर्ण करून वर एकच रेघ ओढली की दोन खेपा वाचतात. पन्नास पानांत ही बचत मोठी होते. घाईत काहीजण रेघच गाळतात. ते मात्र महागात पडू शकतं, कारण भ आणि म, ध आणि घ यांच्यातला फरक बराचसा रेघेवरच उभा आहे. घाईतलं ‘भरण’ परीक्षकाला ‘मरण’ दिसू शकतं. मोडी लिहिणाऱ्या कारकुनांनी हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला होता. ते आधी पानभर आडवी रेघ मारून घेत आणि मग हात कमीत कमी उचलत अक्षरं तिच्याखाली लिहीत जात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही त्यांनी ठेवला नव्हता. देवनागरीत तेवढी मोकळीक नाही, पण हात उचलायच्या खेपा कमी करण्याचं त्यांचं तत्त्व आजही लागू पडतं.

दमाचा सराव दोन-अडीच महिने आधी सुरू करावा. पहिले पंधरा दिवस रोज वीस-पंचवीस मिनिटं नुसतं उतरवून काढायचं, आणि लक्ष वेगावर नाही तर सैल पकडीवर ठेवायचं. मग दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटं वाढवत तास-दीड तासापर्यंत जायचं आणि उतरवण्याची जागा हळूहळू उत्तरांना द्यायची. शेवटच्या महिन्यात आठवड्याला एक पूर्ण पेपर, दर पाऊण तासाला किती प्रश्न झाले याची समासात खूण करत. घसरगुंडी नेमकी कुठून सुरू होते, ते या खुणा दाखवतात. मुख्य परीक्षेत एकाच दिवशी सकाळी आणि दुपारी असे दोन पेपर असतात, म्हणून एक-दोनदा तसाही दिवस काढावा. दुपारच्या पेपरला हात कसा वागतो, हे एरवी कळत नाही. पूर्ण पेपरच्या दुसऱ्या दिवशी हाताला विश्रांती द्यावी.

कोपराखाली जडपणा येऊन तो रात्रीतून ओसरला, तर तो साधा थकवा. पण बोटांना मुंग्या येणं किंवा ती बधिर होणं, अंगठ्याच्या मुळाशी मनगटात कळ येणं, किंवा इतर कामं नीट होत असताना फक्त लिहितानाच बोटं आपोआप वळणं ही थकव्याची लक्षणं नव्हेत. तिथे सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावं. क्रेप बँडेज गुंडाळून पुढचा पेपर सोडवणारे उमेदवार परीक्षेच्या तोंडावर हात गमावून बसू शकतात.

शेवटच्या तीन-चार दिवसांत पूर्ण पेपर लिहू नये. रोज दोन-तीन उत्तरं पुरतात. हाताची सवय राहते आणि स्नायू ताजे राहतात. परीक्षेच्या दिवशी वर्गात जाण्याआधी रफ कागदावर पाच मिनिटं लिहून हात मोकळा करावा, म्हणजे पहिलं उत्तर आखडलेल्या बोटांनी लिहावं लागत नाही. दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत उजळणीची वही उजव्या हाताने धरून बसण्यापेक्षा तो हात सैल सोडावा आणि मोबाइलवर टाइप करायचा मोह टाळावा.