कॅबिनेट सर्वांत शेवटी

पहिला गेमिंग पीसी बांधायला निघालेल्यांची नजर आधी जाते ती काचेच्या, रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटवर. खरेदीचा क्रम मात्र उलटा हवा. आधी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ठरवावं, त्यांच्यावरून मदरबोर्ड आणि एसएमपीएस, आणि सगळ्यांची मापं हाती आल्यावरच कॅबिनेट.

एएमडीचा रायझन ५ ७६०० आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०७० ही जोडी घेऊ. या प्रोसेसरचं सॉकेट एएम५, म्हणून बी६५० चिपसेटचा बोर्ड चालतो आणि रॅम डीडीआर५च लागते. स्वस्तात मिळणारा जुना एएम४ बोर्ड इथे निरुपयोगी. सॉकेट जुळलं तरी एक तपासणी उरते. त्याच सॉकेटचा नंतर आलेला रायझन ९००० मालिकेतला प्रोसेसर घेतला आणि बोर्ड दुकानात बराच काळ पडून असला, तर बायॉस अद्ययावत केल्याशिवाय तो सुरू न होण्याची शक्यता असते. बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रोसेसरपुढे लागणारी बायॉस आवृत्ती दिलेली असते.

आता विजेचा हिशेब. प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॉट घेतो, कार्ड २००. पंखे, रॅम, एसएसडी, बोर्ड यांचे साठेक धरले तर बेरीज साडेतीनशेच्या आसपास. तरीही एनव्हिडिया ६५० वॉटचा एसएमपीएस सुचवते, कारण कार्डाची मागणी क्षणभर बरीच उसळते. कमी क्षमतेचा किंवा हलक्या प्रतीचा एसएमपीएस अशा वेळी पीसी एकदम बंद करतो. गेम रंगात आला की मशीन बंद, एरवी सुरळीत, असं होत असेल तर पहिला संशय त्याच्यावर घ्यावा.

कॅबिनेटची मापं तीन: बोर्डाचा आकार, कूलरची उंची आणि कार्डाची लांबी. फसगत होते ती लांबीत. समजा, कॅबिनेटवर ३३० मिलिमीटर लिहिलंय आणि कार्ड ३०० मिलिमीटरचं आहे. पुढच्या बाजूला लिक्विड कूलरचा २७ मिलिमीटरचा रेडिएटर आणि आत २५ मिलिमीटरचे पंखे लावले की उरतात २७८. कार्ड बसत नाही.

जोडणीची सुरुवात कॅबिनेटबाहेर, बोर्डाच्या खोक्यावर करावी. प्रोसेसर, एसएसडी, रॅम, कूलर बसवून एसएमपीएस जोडावा. ७६०० मध्ये अंगचं ग्राफिक्स असल्याने बोर्डाला मॉनिटर जोडून कार्डाशिवाय चाचणी घेता येते. पहिल्यांदा रॅमची जुळवणी होताना पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. घाबरून बटण दाबू नये.

चाचणी झाली की आधी एसएमपीएस, मग बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवावा. प्रोसेसरची वीजवायर आधीच वरच्या कोपऱ्यातून ओढून ठेवावी, नंतर तिथे हात शिरत नाही. कार्ड सर्वांत शेवटी लावावं आणि मॉनिटरची केबल बोर्डातून काढून कार्डाला जोडावी.