रिमोटचा सेल, टॉर्चचा सेल

पेन्सिल सेल मागितला की दुकानदार जाड की बारीक एवढंच विचारतो. आत काय भरलंय ते सहसा गिऱ्हाइकालाही विचारावंसं वाटत नाही. उत्तर मात्र सेलच्या कवचावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं. जाड सेलवर ‘आर६’ असेल तर तो जुन्या पद्धतीचा झिंक-कार्बन, ‘एलआर६’ म्हणजे अल्कलाइन, ‘एफआर६’ म्हणजे एकदाच वापरायचा लिथियम आणि ‘एचआर६’ म्हणजे पुन्हा पुन्हा चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड. बारीक सेलवर सहाच्या जागी ‘०३’ येतं. माप एक, बसायची जागा एक, म्हणून सगळे सारखेच अशी समजूत होते. आणि जो थोडा खोलात जातो तो मिलिअँपिअर-तासांचा आकडा ताडून पाहतो. जाड अल्कलाइन सेलची क्षमता साधारण अडीच हजार किंवा त्याहून जास्त सांगितली जाते, चार्ज होणाऱ्याची दोन हजारांच्या आसपास. मग अल्कलाइनच दमदार, असा निष्कर्ष निघतो. रिमोटपुरता तो फारसा चुकत नाही, टॉर्चच्या बाबतीत मात्र साफ फसवतो. कारण अल्कलाइनचा तो मोठा आकडा थेंबाथेंबाने वीज काढली तरच हाती येतो.

दोन जाड सेलांचा, चांगल्या उजेडाचा एलईडी टॉर्च घेऊ. दोन्ही सेलांकडून मिळून तो दोन वॅट घेतो असं धरलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला एक वॅट येतो, म्हणजे पाऊण ते एक अँपिअर प्रवाह. प्रत्येक सेलला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. नव्या अल्कलाइनचा तो सुमारे ०.२ ओहम, चार्ज होणाऱ्याचा त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतका. पाऊण अँपिअर वाहू लागला की अल्कलाइनचा ०.१५ व्होल्ट आतच जिरतो आणि त्याची उष्णता होते. सेल उतरत जातो तसा हा रोध वाढतो, व्होल्टेज पडतं, आणि उजेड कायम राखणारं टॉर्चमधलं सर्किट तोच एक वॅट मिळवण्यासाठी आणखी प्रवाह ओढतं. त्याने व्होल्टेज आणखी पडतं. संथ वापरात साडेतीन वॅट-तासांच्या आसपास देणारा सेल अशा ओढाताणीत तासाभरात मान टाकतो. चार्ज होणारा सेल २.४ वॅट-तासांचाच, पण त्यातलं जवळपास सगळं देतो आणि दोन तासांच्या पुढे जातो. लिथियम तीन-साडेतीन तास चालतो. मान टाकलेला अल्कलाइन थोडा वेळ पडून राहिला की पुन्हा पेटतो, हे अनेकांनी पाहिलं असेल. त्याच्यात ऊर्जा उरलेलीच असते, ती त्या वेगाने बाहेर पडू शकत नाही. असे ‘संपलेले’ सेल भिंतीवरच्या घड्याळात कित्येक महिने चालतात.

यावर नेहमीचा आक्षेप असा की चार्ज होणारा सेल १.२ व्होल्टचा, उपकरणाला हवेत १.५, तेव्हा उजेड कमीच पडणार. पण अल्कलाइनचे १.५ व्होल्ट त्याच्या नवेपणापुरते असतात. निम्मा वापर होईपर्यंत तोही १.२ च्या घरात आलेला असतो आणि पुढे उतरतच जातो. चार्ज होणारा मात्र सुरुवातीपासून जवळपास अखेरपर्यंत १.२ ला धरून राहतो. १.२ व्होल्टवर थांबणारं उपकरण अल्कलाइनचीही निम्मी ताकद फुकट घालवेल, म्हणून बरीचशी उपकरणं त्याच्या बरीच खाली चालतील अशीच बनवलेली असतात. खरी अडचण आहे ती स्वस्तातल्या, तीन बारीक सेलांच्या टॉर्चमध्ये. त्यात प्रवाह आवरणारं सर्किट नसतंच. अल्कलाइनचा अंतर्गत रोधच ते काम फुकटात करत असतो. तिथे कमी रोधाचे सेल घातले की एलईडीतून जास्त प्रवाह जातो. लिथियमचं तर नव्यात मोकळं व्होल्टेज १.८ पर्यंत जातं, म्हणजे तिघांची मिळून पाच व्होल्टच्या वर. पहिल्या दिवशी उजेड झकास पडतो आणि एलईडी तापून लवकर म्हातारा होतो. सेल बदलल्यावर टॉर्चचं डोकं हाताला चटका देऊ लागलं तर हेच घडतंय असं समजावं.

रिमोटचं गणित याच्या अगदी उलट आहे. दिवसाला शंभर वेळा बटण दाबलं, दर दाबाला पाव सेकंदाहून थोडा कमी वेळ आणि सरासरी पंधरा मिलिअँपिअर धरले, तर वर्षाला तीसेक मिलिअँपिअर-तास खर्ची पडतात. बटण न दाबता झिरपणारे काही मायक्रोअँपिअर जवळपास तितकेच. बारीक अल्कलाइनची क्षमता हजाराच्या वर असते, म्हणजे हिशेबाने तो पंधरा-वीस वर्षं पुरावा! (आवाजावर किंवा ब्लूटूथवर चालणारे रिमोट याहून खादाड, त्यांना हे लागू नाही.) तेव्हा साध्या रिमोटमधल्या सेलचा प्रश्न क्षमतेचा राहतच नाही, तो पाझरण्याचा होतो. अल्कलाइनमधलं जस्ताचं चूर्ण आतल्या पाण्याशी हळूहळू अभिक्रिया करून हायड्रोजन सोडतं. पूर्वी पारा मिसळून हे रोखत; १९९० च्या दशकात पारा हद्दपार झाला आणि ते काम शुद्ध जस्त व इतर धातूंच्या मिश्रणावर आलं. आतला दाब वाढला की सेलच्या ऋण टोकाची सील सुटते आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं. ते धातूवर चढत जातं, म्हणून आधी रिमोटमधली स्प्रिंग गाठतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचं पोटॅशियम कार्बोनेट होतं. स्प्रिंगवर दिसणारी पांढरी बुरशी ती हीच. थर ताजा असेल तर कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसल्यास अल्कली मारली जाते. मग पाण्याच्या ओल्या काडीने पुसून पूर्ण कोरडं करायचं. स्प्रिंग हिरवी पडून तुटायला आली असेल तर मात्र उशीर झाला. पूर्ण उतरलेला सेल आणि जुन्या-नव्याची जोडी, ही पाझरण्याची दोन हमखास कारणं. जोडीत एक आधी संपतो आणि दुसरा त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतो.

निकेल-मेटल हायड्राइडमध्ये तयार होणारा वायू आतच पुन्हा जिरवला जातो. चार्जरने भलताच मार दिला नाही तर तो सहसा पाझरत नाही. जुना आक्षेप असा की तो नुसता पडूनच उतरतो. २००५ पूर्वी तो रास्त होता, कारण तेव्हाचे सेल काही महिन्यांतच रिकामे होत. त्या वर्षी जपानच्या सान्योने ‘एनेलूप’ आणला आणि संथ उतरणाऱ्या सेलांची जात रूढ झाली. ते वर्षभर ठेवूनही तीन चतुर्थांशाच्या आसपास भरलेले राहतात, उन्हाळ्याच्या उकाड्यात काहीसे कमी. रिमोटला वर्षातून एकदा चार्ज पुरे. आता पैशाचा आक्षेप. वर्षाला एकच चार्ज म्हणजे सेल आणि चार्जर यांची किंमत रिमोटमधून कधीच वसूल होणार नाही, आणि हे मान्य करावंच लागतं. वसुली रोज वापरायच्या टॉर्चमध्ये होते. रिमोटला त्याच चार्जरवरचे दोन सेल दिले की स्प्रिंग वाचते, इतकाच त्याचा लाभ. चार्जर घरात नसेल तर रिमोटसाठी दोन अल्कलाइन बरे, पण ते रिमोट बंद पडायची वाट न पाहता दोनेक वर्षांनी दोन्ही एकदम बदलावेत.

लिथियमला दोन्हीकडे जागा नाही, असं इथवर वाटेल. रिमोटमध्ये तो खरोखरच उधळपट्टी आहे. पण कपाटात पडून राहणारा, पावसाळ्यात वीज गेली तरच बाहेर निघणारा टॉर्च ही वेगळी गोष्ट. या सेलमध्ये पाणी नसतं, म्हणून वायूही नाही आणि गोठणंही नाही. उत्पादक वीस वर्षं टिकण्याचा आणि उणे ४० ते अधिक ६० अंशांत चालण्याचा दावा करतात. वजन अल्कलाइनच्या दोन तृतीयांश, म्हणून लडाखच्या थंडीत डोक्यावर बांधायच्या टॉर्चला तोच योग्य. विदर्भाच्या उन्हात उभ्या गाडीतल्या टॉर्चमध्येही अल्कलाइनपेक्षा तो भरवशाचा, कारण पाझरणं उष्णतेने वेग घेतं. त्याची एक खोड मात्र ध्यानात ठेवायला हवी. अल्कलाइन मंद होत होत सूचना देतो, लिथियम शेवटपर्यंत भरभरून देतो आणि मग काही मिनिटांत अंधार. व्होल्टमीटर लावूनही फारसं कळत नाही, कारण आकडा जवळपास सपाट असतो. (अल्कलाइन टेबलावर उभा सोडून उसळतो का ते बघायची युक्ती अनेकांना ठाऊक आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये ती तपासली तेव्हा दिसलं की उसळी निम्म्या चार्जपर्यंत वाढते आणि मग तिथेच थांबते. म्हणजे उसळणारा सेल नवा नाही एवढंच कळतं, रिकामा आहे की नाही हे नव्हे. लिथियमला तर ही युक्ती लागूच नाही.) तेव्हा लिथियमच्या टॉर्चमध्ये सेल कधी घातले ते कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून आत ठेवावं, आणि लांबच्या वापरानंतर किती तास जळला तेही त्याखाली नोंदवावं.