महिनाभरात ‘वॉर अँड पीस’

टॉलस्टॉयची ही कादंबरी मी दोनदा हाती घेतली आणि दोन्ही वेळा अर्ध्यावर सोडली. पहिल्यांदा एम.ए.च्या वर्गात असताना आणि दुसऱ्यांदा नोकरी लागल्यावर. कादंबरी कंटाळवाणी होती म्हणून ती सुटली नाही. दीडशे पानांनंतर कोण कोणाचा कोण हेच उमगेनासे झाले, म्हणून सुटली. तिसऱ्या खेपेस ग्रंथालयातून पुस्तक महिन्याच्या मुदतीने आणले, मे महिन्याची सुट्टी गाठली आणि वाचनापूर्वी एक दिवस केवळ आखणीसाठी दिला. या वेळी कादंबरी पूर्ण झाली. ती आखणी वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम आकार पाहू. १८६५ ते १८६९ या काळात प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीचे लुईझ व एल्मर मॉड या दांपत्याने केलेले इंग्रजी भाषांतर सर्वत्र आढळते. त्यात पंधरा भाग, दोन खंडांचा उपसंहार आणि एकूण ३६५ प्रकरणे आहेत. मूळ रशियनमध्ये प्रकरणे ३६१ आहेत. काही भागांची प्रकरणांत विभागणी निराळी असल्याने हा फरक पडतो. आकडा भयंकर वाटतो, परंतु प्रकरणे लहान आहेत. बहुतेक प्रकरणे तीन-चार पानांत संपतात.

आता ३६५ ला ३० ने भागून रोज बारा प्रकरणे वाचावीत, असे कोणासही सुचेल. माझी पहिली चूक तीच होती. आपल्या घरांतून गुरुचरित्राचा सप्ताह होतो, त्याची वाटणी आठवून पाहा. एका प्रचलित परंपरेप्रमाणे दुसऱ्या दिवशी दहाव्यापासून एकविसाव्यापर्यंत बारा अध्याय वाचतात, आणि पाचव्या दिवशी छत्तीस ते अडतीस हे तीनच. अध्यायांची लांबी सारखी नाही, हे ती वाटणी करणाऱ्यांनी जाणले होते. कादंबरीतही विसावा कथानकाच्या वळणावर यावा, आकड्यावर नव्हे.

म्हणून मी भागांचे दहा गट केले. पहिला भाग (२८ प्रकरणे) दोन दिवसांत. त्यानंतर दुसरा-तिसरा (४०), चौथा-पाचवा (३८), सहावा-सातवा (३९), आठवा-नववा (४५), एकटा दहावा (३९), एकटा अकरावा (३४), बारावा-तेरावा (३५) आणि चौदावा-पंधरावा (३९) असे आठ गट, प्रत्येकास तीन दिवस. उपसंहाराच्या २८ प्रकरणांस शेवटचे दोन दिवस. अठ्ठावीस दिवस भरतात, दोन उरतात. तिसरा भाग ऑस्टरलिट्झच्या पराभवाशी थांबतो आणि दहावा बोरोदिनोच्या रणसंग्रामाशी, त्यामुळे गट संपताना मनासही थांबा मिळतो.

उरलेले दोन दिवस मागे राहिलेल्यासाठीच राखावेत. एक आठव्या दिवसानंतर, दुसरा बोरोदिनोनंतर. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नये. अशा घाईत वाचलेली पाने डोळ्यांखालून जातात, मनात राहत नाहीत. दोन्ही दिवस खर्ची पडले, तर उपसंहाराच्या दुसऱ्या खंडाची बारा प्रकरणे मागाहून वाचावीत. तेथे पात्रे नाहीतच. इतिहासाच्या कारणांविषयीचे ते चिंतन आहे.

आरंभी पहिली तीन प्रकरणे घड्याळ लावून वाचावीत. दर प्रकरणास आठ मिनिटे लागत असतील, तर रोजचे वाचन पावणेदोन-दोन तासांचे होईल. सकाळी एक तास, रात्री एक तास. बारा मिनिटांहून अधिक लागत असतील, तर महिन्याचा हट्ट सोडून दोन महिने घ्यावेत. ग्रंथालयातून मुदत वाढवून घेण्यात कमीपणा नाही.

आता पात्रे. नावे असलेल्या व्यक्तीच पाचशेहून अधिक आहेत. परंतु खरा गोंधळ संख्येने होत नाही, एकाच माणसाच्या अनेक नावांनी होतो. रशियन माणसास स्वतःचे नाव, पित्यावरून आलेले नाव आणि आडनाव असते, आपल्यासारखेच. शिवाय घरचे लाडाचे नाव वेगळे. कागदोपत्री नाव एक आणि गावात ‘बाबू’ म्हणून ओळख, हे आपणांस काय नवीन! नताशा हीच नाताल्या इल्यिनिश्ना, म्हणजे इल्याची कन्या. पिएर आणि रोस्तोव्हांचा धाकटा पेत्या या दोघांचेही नाव मुळात प्योत्रच. आणि आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची आपली रीत तेथेही आहे. वृद्ध बोल्कोन्स्की निकोलाय आंद्रेयेविच, त्याचा पुत्र आंद्रेई, आणि आंद्रेईचा मुलगा पुन्हा निकोलाय आंद्रेयेविच. त्यात रोस्तोव्हांचा निकोलाय मिळवला की तीन निकोलाय होतात. मॉड दांपत्याने निकोलायचा निकोलस आणि आंद्रेईचा अँड्र्यू केला आहे. म्हणून मध्येच दुसरे भाषांतर हाती घेऊ नये.

यासाठी शंभर पानी वही घ्यावी. बेझुखोव्ह, रोस्तोव्ह, बोल्कोन्स्की, कुरागिन आणि द्रुबेत्स्कोय या पाच घराण्यांस एकेक पान द्यावे. सहावे पान नेपोलियन, कुतुझोव्ह, बादशहा अलेक्झांडर अशा इतिहासातील व्यक्तींचे, सातवे घराण्यांबाहेरच्यांचे. प्रत्येक नावापुढे तीनच रकाने: घरचे नाव, नाते, आणि ‘शेवटी कोठे दिसला’. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा.

नोंद केव्हा करावी, याचाही नियम हवा. कादंबरी १८०५ सालच्या जुलैत, पीटर्सबर्गमधील आन्ना पावलोव्नाच्या दिवाणखान्यात उघडते आणि पाहुण्यांची रीघ लागते. मागे मी प्रत्येकाचे नाव टिपत बसलो आणि वही भरली, डोके रिकामे राहिले. आता एखादी व्यक्ती दुसऱ्यांदा, दुसऱ्या प्रसंगी आली तरच लिहितो. पुढे महत्त्वाची ठरणारी माणसे परत येतातच.

सातव्या पानावरचा दोलोखोव्ह उदाहरणासाठी घेऊ. पहिल्या भागात तो पैजेखातर खिडकीच्या कडेवर बसून मद्याची बाटली रिकामी करतो. चौथ्या भागात पिएरशी द्वंद्व खेळतो आणि पुढे निकोलाय रोस्तोव्हकडून पत्त्यांत त्रेचाळीस हजार रुबल जिंकतो. आठव्यात नताशाला पळवून नेण्याच्या बेतात तो अनातोल कुरागिनचा साथीदार. दहाव्यात, बोरोदिनोच्या आदल्या दिवशी, पिएरची क्षमा मागतो. चौदाव्यात ज्या छाप्यात पेत्या मारला जातो, त्याच छाप्यात कैदी पिएर सुटतो, आणि त्या तुकडीत दोलोखोव्ह असतो. या घटनांत शेकडो पानांचे अंतर आहे. वहीत त्या एकाखाली एक पाच ओळींत आल्या, तेव्हाच त्या क्षमायाचनेचे मोल मला कळले. पूर्वी मी चौथ्या भागाच्या आतच थांबलो होतो. माझ्या लेखी तो केवळ एक उनाड तरुण राहिला होता.

गाडी रुळावरून घसरते आहे हे कसे ओळखावे? एकाच बैठकीत नाव शोधण्यासाठी तिसऱ्यांदा मागची पाने उलटावी लागली, तर पुस्तक मिटावे, वहीतील तिसरा रकाना वरपासून वाचावा आणि मग पुढे जावे. एक सापळा मात्र आधीच सांगून ठेवतो: ज्यूली कारागिना ही कुरागिनांपैकी नव्हे. मी तिला पाच दिवस त्यांच्याच पानावर ठेवले होते.

तिसाव्या दिवशी पुस्तक मुदतीत परत केले. वही मात्र घरी आहे, आणि आता माझी धाकटी कन्या ती शेजारी ठेवून दुसऱ्या भागापर्यंत पोचली आहे. तिने कारागिना योग्य पानावर लिहिली आहे.