पानाचा फोटो, झोपतानाची गोष्ट

चित्रपुस्तकाच्या पानाचा फोटो चार वर्षांच्या मुलाला वाचून दाखवायचा असेल, तर आधी फोटो तपासावा. मधल्या घडीत अक्षरे दडतात आणि फ्लॅशची चकाकी चित्र पुसून टाकते. चित्र दोन पानांवर पसरले असेल, तर दोन्ही पाने हवीत.

मग चित्र आणि मजकूर वेगवेगळे पाहावेत. समजा, पानावर लिहिले आहे : ‘तृष्णेने व्याकुळ झालेला वृद्ध हत्ती सरोवरापाशी पोहोचला, तेव्हा मगरीने त्याच्याकडे पाहिले.’ चित्रात मगरीचे फक्त डोळे पाण्याबाहेर आहेत. एका वाक्यात इतक्या घटना मुलाला पेलत नाहीत. त्या घडल्या त्याच क्रमाने सुट्या कराव्यात : ‘एक होता म्हातारा हत्ती. हत्तीला लागली खूप तहान. हत्ती डुलत डुलत तळ्यावर आला. तळ्यात होती मगर. मगरीने हत्तीकडे पाहिलं.’

इथे ‘तो’, ‘ती’ टाळून नाव पुन्हा घेतले आहे, कारण कोणी काय केले हे ऐकताना चटकन निसटते. डोळ्यांबद्दल काही सांगितलेले नाही. ते मुलाला चित्रात शोधू द्यावेत. पुढच्या पानावरचे गुपितही आधी फोडू नये. गोष्टीत पुन्हा पुन्हा येणारी ओळ मात्र बदलू नये, मूल तिचीच वाट पाहते.

‘कोणी पाहिलं?’ असे विचारल्यावर मुलाचे बोट हत्तीवर गेले, तर वाक्य आणखी सोपे करावे. असा प्रश्न एखादाच पुरे. प्रश्नांची सरबत्ती झाली की झोप उडते.