छाती कोरडी होईपर्यंत

2017च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी उंच झाली होती. एरवी गुडघ्या-कमरेच्या पिकावर खाली मारायचा फवारा तेव्हा खांद्याच्या वर धरावा लागे आणि त्याचं तुषार तोंडावर, छातीवर परत येई. त्यात काही ठिकाणी इंजिनावर चालणारे पंप आले होते. त्यांचा फवारा इतका बारीक असतो की तो अंगावर पडतोय हे कळतही नाही.

त्या वेळी वापरलेल्या सगळ्याच औषधांचा स्वभाव एक नव्हता. पण प्रोफेनोफॉस आणि मोनोक्रोटोफॉस ही त्यांतली दोन नावं ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली. गावात यांना ‘औषध’च म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. हा गट पोटातून जातो तसाच कातडीतूनही जातो. पाठीवरच्या पंपाचं झाकण नीट बसलं नसलं की सदरा मागून भिजतो, घामाने कातडी ओली असते, आणि तोच भिजलेला सदरा संध्याकाळपर्यंत अंगावर राहतो. औषध प्यायलं नाही म्हणून विषबाधा होणार नाही, हा समज इथेच फसतो.

आता शरीरात काय घडतं ते पाहू. मज्जातंतू ग्रंथीला किंवा स्नायूला निरोप देतो तो ॲसिटिलकोलीन या रसायनामार्फत. निरोप पोचला की ॲसिटिलकोलिनेस्टरेझ नावाचं विकर त्या रसायनाचे क्षणार्धात तुकडे करतं. ऑर्गॅनोफॉस्फेट नेमकं या विकराला जाऊन चिकटतं आणि ते निकामी करतं. मग ॲसिटिलकोलीन साचत जातं. दाराची बेल दाबल्यावर बटण आतच अडकावं आणि बेल वाजतच राहावी, तसा प्रकार. लाळग्रंथींना ‘पाझर’ म्हटलं होतं, त्या पाझरतच राहतात. घाम, डोळ्यांतून पाणी, उलट्या, जुलाब. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, नाडी मंदावते, स्नायू कातडीखाली फडफडतात आणि मग लुळे पडतात. सगळ्यांत घातक म्हणजे श्वासनलिका आवळतात आणि फुप्फुसांत पाझर साचतो. कोरड्या जमिनीवर उभा असलेला माणूस स्वतःच्याच स्रावांत गुदमरतो.

समजा, एक मजूर सलग सहा दिवस फवारतो आहे. पहिल्या पाच दिवसांत डोकं दुखतं, मळमळतं, धुरकट दिसतं. उन्हाचा त्रास असेल म्हणून तो लिंबूपाणी घेतो. सहाव्या दिवशी औषध तेवढंच, पंप तोच, तरी दुपारी तो बांधावर कोसळतो. याचं कारण असं की निकामी झालेलं विकर एका रात्रीत भरून येत नाही. रक्तपेशींमधलं तर रोज साधारण एक टक्का एवढ्या संथ गतीने परत येतं. रोजची थोडी थोडी घट साचत जाते आणि साठा एका पातळीखाली गेला की शरीर एकदम कोलमडतं.

अशा वेळी बांधावरच करायचं काम म्हणजे सदरा-पँट काढून टाकणं आणि केसांसकट अंग साबणाने, भरपूर पाण्याने धुणं. धुणाऱ्याने हात कातडीला न लागतील असं बघावं. उलटी काढायला बोटं घालू नयेत. आणि डबा किंवा बाटली सोबत न्यावी, कारण ॲट्रोपिन लागू पडतं ते याच तऱ्हेच्या विषावर. त्याच हंगामात फवारली गेलेली इतर काही औषधं या विकराला हातच लावत नाहीत.

ॲट्रोपिन हा धोत्र्याच्या कुळातल्या झाडांत सापडणारा पदार्थ. ते विषाला नष्ट करत नाही, विकरालाही सोडवत नाही. ग्रंथी, श्वासनलिका आणि हृदय ज्या ठिकाणी ॲसिटिलकोलीनचा निरोप ऐकतात, ती ठिकाणं ते अडवून बसतं. बेल वाजत राहते, पण या घरांत ती ऐकू येत नाही.

किती द्यायचं, याचं उत्तर पुस्तकातल्या एका आकड्यात नाही. आपल्याकडे ॲम्प्युल बहुधा 0.6 मिलिग्रॅमचं असतं. सुरुवात तीन ॲम्प्युलनी होते. पाच मिनिटांनी स्टेथोस्कोप छातीला लावायचा. घरघर तशीच असेल तर सहा, मग बारा, मग चोवीस. असे पंधरा मिनिटांत पंचेचाळीस ॲम्प्युल, म्हणजे 27 मिलिग्रॅम होतात. मंदावलेल्या हृदयासाठी हेच औषध एरवी एकूण तीन मिलिग्रॅमच्या पुढे दिलं जात नाही, त्यामुळे नव्या डॉक्टरचा हात थबकणं स्वाभाविक आहे. पण अर्धवट मात्रा ठरावीक वेळाने देत बसण्यापेक्षा ही दुपटीची पद्धत जास्त जीव वाचवते, हे बांगलादेशातल्या चाचणीत दिसलं आहे. थांबायचं कधी, ते छाती सांगते: घरघर गेली, काख कोरडी झाली, नाडी ऐंशीच्या वर आली, रक्तदाब सावरला. बाहुल्या मोठ्या होईपर्यंत थांबू नये, त्या उशिरा उघडतात. मग लागलेल्या एकूण मात्रेच्या दहा ते वीस टक्के दर तासाला सलाईनमधून चालू ठेवतात. रुग्ण बरळू लागला, ताप चढला, पोट फुगलं, लघवी तुंबली, तर मात्रा जास्त झाली. थोडं थांबून कमी वेगाने पुन्हा सुरू करतात.

ॲट्रोपिनची एक मोठी मर्यादा आहे. स्नायूंवरची ॲसिटिलकोलीनची ठिकाणं वेगळ्या जातीची असतात आणि तिथे त्याचा काही उपयोग होत नाही. विकर सोडवण्यासाठी प्रॅलिडॉक्झिम देतात, पण वेळ थोडा असतो. विष चिकटलेलं विकर काही तासांनी असं बदलतं की मग ते सुटतच नाही. मोनोक्रोटोफॉसच्या गटात निम्मं विकर चारेक तासांतच हाताबाहेर जातं. या औषधाबद्दल डॉक्टरांत आजही एकमत नाही. बारामतीच्या गिरिराज हॉस्पिटलमध्ये 200 रुग्णांवर झालेल्या आणि 2006 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत ते सलग, जास्त मात्रेत दिल्याने मृत्यू घटले, तीन वर्षांनी श्रीलंकेतल्या चाचणीत तो फायदा दिसला नाही. मला वाटतं, विष कोणतं आणि रुग्ण किती तासांनी आला, यावर बरंचसं अवलंबून असावं.

म्हणून पहिला दिवस पार पडला की धोका संपला असं नाही. एक ते चार दिवसांच्या दरम्यान, छाती कोरडी असतानाही, श्वासाचे स्नायू थकू लागतात. रुग्ण बोलतो, घरी जायचं म्हणतो, नातेवाईकही कामाची आठवण काढतात. तेव्हा अनुभवी डॉक्टर त्याला उशीवरून डोकं उचलून धरायला सांगतात. मान उचलता येत नसेल तर त्याला घरी सोडत नाहीत. व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी ठेवतात. डोकं उचलता आलं आणि तो घरी गेला, तरी विकराचा साठा भरायला आठवडे लागतात. कॅलिफोर्नियात अशा मजुरांचं रक्त हंगामाआधी तपासून ठेवतात आणि रक्तपेशींतलं विकर मूळ पातळीच्या सत्तर टक्क्यांवर आलं की त्याला फवारणीवरून काढतात. ऐंशी टक्के भरेपर्यंत परत पंप देत नाहीत.