होडी गेली, सावली राहिली

नव्या फोनच्या जाहिरातीत हल्ली एका टिचकीत फोटोतली नकोशी वस्तू गायब होते. उत्तनच्या किनाऱ्यावर ओहोटीला काढलेल्या फोटोवर हे करून पाहा. रेतीवर टेकलेली होडी जाते, पण तिची लांब सावली आणि शेजारच्या डबक्यातलं प्रतिबिंब बरेचदा तिथेच राहतं.

असं का होतं, ते मेटा कंपनीने एप्रिल २०२३ मध्ये खुल्या केलेल्या ‘सेगमेंट एनिथिंग’ या मॉडेलवरून कळतं. ते फोटोची लांब बाजू १०२४ पिक्सेलवर आणतं, त्याचे १६ बाय १६ पिक्सेलचे तुकडे पाडतं आणि ते एकमेकांशी ताडून पाहतं. टिचकी म्हणजे एक बिंदू. त्या बिंदूसोबत चित्राचा कोणता भाग जातो, एवढंच त्याला ठरवायचं असतं. टिचकी होडीवरच्या रंगीत पट्टीसाठी होती, पुढच्या टोकासाठी की अख्ख्या होडीसाठी, हे बिंदूवरून कळत नाही. म्हणून ते तीन कडा आखतं आणि प्रत्येकीला स्वतःच गुण देतं.

हे मॉडेल १ कोटी १० लाख फोटोंवर शिकलं. त्यांत ११० कोटी आकार आखलेले होते, पण एकाही आकाराला नाव नव्हतं. म्हणजे ते वस्तू ओळखायला शिकलंच नाही, वेगळा काढता येईल असा भाग ओळखायला शिकलं. सावलीला कड असते, आतला रंग सलग असतो. या कसोटीवर ती होडीइतकीच पक्की ‘वस्तू’ ठरते. संथ पाण्यातल्या प्रतिबिंबाला तर होडीचाच रंग आणि आकार असतो. ते कधी होडीला जोडलं जातं, तर कधी पाण्याच्या रेषेशी तुटून वेगळं पडतं.

सावलीवर वेगळी टिचकी मारूनही काम पुरतं होत नाही. सूर्य आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून सावलीची कड वस्तूपासून दूर जाताना पसरट होते. तीन मीटरवर ती साधारण तीन सेंटिमीटर विरलेली असते. मॉडेल बुडाजवळची ठळक सावली पकडतं आणि डोलकाठीच्या टोकाची फिकट सावली सोडून देतं. मग रिकामी जागा भरणाऱ्या दुसऱ्या मॉडेलला ती उरलेली सावली दिसते आणि तिला शोभेल अशी नवी वस्तू ते रंगवून बसतं. पुसलेल्या जागी भलतंच काही उगवलं, तर आधी आसपास सावलीचा तुकडा शोधावा.

माझ्या मते कडा आणखी बारीक आखून हा प्रश्न सुटणार नाही. २०२४ मध्ये गूगलच्या संशोधकांनी ‘ऑब्जेक्टड्रॉप’ या पद्धतीत वेगळा मार्ग घेतला. कॅमेरा न हलवता एकाच दृश्याचे दोन फोटो काढायचे, एक वस्तूसकट आणि दुसरा ती खरोखर उचलून नेल्यावर. दोन्हींतला फरक म्हणजे वस्तू, सावली आणि प्रतिबिंब एकत्र. अशा सुमारे अडीच हजार जोड्यांवर मॉडेलला शिकवलं गेलं. होडी काढल्यावर प्रकाश कसा बदलतो, हे तिथे कुणी आखून द्यावं लागत नाही. अडचण एवढीच की प्रत्येक जोडीसाठी माणसाला वस्तू हातानं हलवावी लागते, आणि नांगरलेली होडी काही तशी उचलता येत नाही.

तोवर फोनमधल्या ब्रशने होडीसोबत तिची सावलीही, विरत गेलेल्या टोकापर्यंत, रंगवून घ्यावी आणि मग पुसावं.