बग कुठे दिसत नाही, हेही लिहा

‘मेनू उघडताना ॲनिमेशन गंडतं. कृपया बघावे.’ टेस्टरकडून असा रिपोर्ट आला की डेव्हलपर स्वतःच्या फोनवर मेनू दोनतीनदा उघडून पाहतो. त्याला काहीच गडबड दिसत नाही, म्हणून तो ‘माझ्याकडे नीट चालतंय’ असा शेरा मारून रिपोर्ट परत पाठवतो. दोघेही खरं बोलत असतात. त्यांच्या दोन फोनमधला फरक मात्र रिपोर्टमध्ये नोंदलेला नसतो.

एक उदाहरण घेऊ. खरेदीच्या एका वेबसाइटवर मेनूचं बटण दाबलं की डावीकडून ३०० पिक्सेल रुंदीचं पॅनल सरकत येतं आणि त्यात वस्तूंची यादी दिसते. टेस्टरच्या फोनवर पॅनल झर्रकन येतं, क्षणभर कोरं राहतं आणि मग यादी उमटते. डेव्हलपरच्या फोनवर पॅनल सावकाश येतं आणि ते थांबताक्षणी यादी हजर असते.

आता टेस्टरचं खरं काम सुरू होतं. तो एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहतो. ब्राउझर बदलला, तरी बग तसाच. वाय-फाय सोडून मोबाइल डेटा घेतला, तरी तसाच. बॅटरी सेव्हर चालू केला आणि बग गायब झाला! बॅटरी सेव्हरने अनेक फोनमध्ये पडद्याचा रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने काढलं जातं तो दर, खाली येतो. म्हणून तो बॅटरी सेव्हर बंद करून सेटिंगमध्ये फक्त हा दर १२० वरून ६० हर्ट्झवर आणतो. बग पुन्हा गायब होतो. आता रिपोर्ट लिहिण्याजोगा झाला:

शीर्षक: १२० हर्ट्झच्या पडद्यावर मेनूचं पॅनल लवकर उघडतं आणि सुमारे पाव सेकंद कोरं राहतं.
परिस्थिती: फोनचं मॉडेल, ब्राउझर आणि त्याची आवृत्ती, रिफ्रेश रेट १२०, बॅटरी सेव्हर बंद, फोनमधील ॲनिमेशनचा वेग मूळ सेटिंगप्रमाणे.
पायऱ्या: १) मुख्य पान पूर्ण उघडू द्या. २) वरच्या डाव्या कोपऱ्यातलं मेनूचं बटण एकदाच दाबा. ३) पॅनल थांबल्यावर यादीकडे पाहा.
अपेक्षित: पॅनल अर्ध्या सेकंदात उघडावं आणि थांबताच यादी दिसावी.
प्रत्यक्षात: पॅनल पाव सेकंदात उघडतं, पुढचा पाव सेकंद ते कोरं.
किती वेळा: १० पैकी १० वेळा. त्याच फोनवर ६० हर्ट्झ केल्यास १० पैकी एकदाही नाही.

‘पाव सेकंद’ हा अंदाज नाही. टेस्टरने दुसऱ्या फोनच्या स्लो मोशन कॅमेऱ्याने, सेकंदाला २४० फ्रेमच्या वेगाने, पडद्याचं चित्रण केलं आणि फ्रेम मोजल्या: पॅनल सरकताना ६०, कोरं असताना आणखी ६०. फोनमधलंच स्क्रीन रेकॉर्डिंग इथे पुरत नाही. ते सेकंदाला ६० किंवा त्याहून कमी फ्रेमचं असेल, तर १२० हर्ट्झवरचे निम्मे क्षण त्यात येतच नाहीत. एकाच फ्रेमपुरती चमक असेल, तर ती पूर्ण निसटू शकते.

रिपोर्टची शेवटची ओळ वाचून डेव्हलपर नेमका कोड उघडतो. ब्राउझर पडदा नव्याने रंगवण्याआधी दर वेळी `requestAnimationFrame` ला दिलेलं काम करतो. त्या कामात लिहिलं होतं:

```
x += 10;
```

म्हणजे दर फ्रेमला १० पिक्सेल. ३०० पिक्सेलला ३० फ्रेम लागतात. ६० हर्ट्झवर त्यांना अर्धा सेकंद लागतो, १२० वर त्याच्या निम्मा. यादी मात्र ५०० मिलिसेकंदांच्या टायमरवर लावलेली होती आणि टायमरला पडद्याच्या दराशी देणंघेणं नसतं. मधला पाव सेकंद म्हणजेच तो कोरेपणा. उपाय असा, की सरकणं फ्रेमवर नाही, तर गेल्या फ्रेमपासून लोटलेल्या सेकंदांवर ठरवायचं:

```
x = Math.min(300, x + 600 * dt);
```

शिवाय यादी टायमरवर न सोडता पॅनल पोहोचल्यावर दाखवायची.

टेस्टरने ‘कोड रिफ्रेश रेटवर अवलंबून असावा’ असं लिहायला हरकत नाही, पण ते ‘अंदाज’ म्हणून वेगळ्या ओळीत. निरीक्षणात मिसळलेला अंदाज चुकला, तर डेव्हलपर भलतीकडेच शोधत बसतो.

दुरुस्तीनंतर हाच रिपोर्ट तपासणीलाही पुरतो. त्याच पायऱ्या, तोच फोन, तोच कॅमेरा: १२० हर्ट्झवर आता सरकण्याच्या फ्रेम ६० ऐवजी १२० च्या आसपास भरायला हव्यात, कोऱ्या पॅनलची एकही नको आणि ६० हर्ट्झवरचं वागणं बदललेलं नको. या तिन्ही गोष्टी जुळल्या की बग बंद करता येतो.